मलेरियाच्या स्मिअरचा चित्रप्रश्न: उत्तरात फाल्सिपेरम, मला व्हायव्हॅक्स दिसतोय

शीव_वाचनालय
नीट पीजीच्या तयारीसाठी चित्रांवरचे प्रश्न सोडवतेय. एका सराव संचातल्या प्रश्नावर अडलेय. चित्र इथे टाकता येत नाही, म्हणून जे दिसतं ते जसंच्या तसं लिहिते.

प्रश्न: मुंबईतल्या बांधकामावर काम करणारा २४ वर्षांचा तरुण, थंडी वाजून ताप, पातळ स्मिअर दाखवला आहे. निदान काय? पर्याय: फाल्सिपेरम, व्हायव्हॅक्स, मलेरिए, बबेसिया.

चित्राच्या मधोमध एक लाल पेशी आहे आणि तिच्यात दोन रिंगा आहेत. ती पेशी आजूबाजूच्या पेशींपेक्षा बरीच मोठी आहे, आणि झूम केलं की तिच्यात बारीक गुलाबी ठिपके दिसतात. खाली उजव्या कोपऱ्यात आणखी एक मोठी पेशी आहे. तिच्यात वेडावाकडा पसरलेला निळसर परजीवी आहे, त्यात पिवळट तपकिरी कण आहेत. वर डावीकडे एका नेहमीच्या आकाराच्या पेशीच्या कडेला एक बारीकशी रिंग आहे.

मॉडेल उत्तर: फाल्सिपेरम. स्पष्टीकरण एका ओळीचं, ‘एका पेशीत एकापेक्षा जास्त रिंगा’. मला तर हा व्हायव्हॅक्स वाटतो. कोणाचं बरोबर?

टॉप_शंभर
उत्तर बरोबर आहे. एका पेशीत दोन रिंगा म्हणजे फाल्सिपेरम, विषय संपला. आमच्या क्लासमध्ये चार खुणा पाठ करून घेतल्यात: एका पेशीत अनेक रिंगा, एका रिंगेत दोन ठिपके, कडेला चिकटलेली रिंग आणि चंद्रकोर. यातली एक जरी दिसली तरी फाल्सिपेरम टिकमार्क करायचा आणि पुढे जायचं. ४० प्रश्नांना ४२ मिनिटं असतात, तो भाग संपला की मागे फिरता येत नाही. झूम करत बसशील तर मेलीस.

आर्याची_आई
नमस्कार. माझी मुलगी बारावीला आहे, नीट देणार आहे. तिच्या पुस्तकात मलेरियाचं जीवनचक्र आहे, पण असे रक्ताचे फोटो ओळखायला येतात का? आत्ताच क्लास लावायला हवा का?

वडाळा_इंटर्न
@आर्याची_आई काकू, हा धागा एमबीबीएस झाल्यावरच्या परीक्षेचा आहे. आर्याला जीवनचक्राची आकृती नीट यायला हवी: डासात काय होतं, यकृतात काय, लाल पेशीत काय. स्मिअर ओळखण्याचा क्लास आत्ता अजिबात लावू नका.

आर्याची_आई
बरं झालं विचारलं. पण वाचत राहते, आमच्या इमारतीत गेल्या पावसाळ्यात दोघांना झाला होता.

परळची_मायक्रो
मी बरीच वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात मायक्रोबायोलॉजीत आहे. पावसाळ्यात आमच्याकडे या स्लाइडींचा नुसता ढीग असतो. शीव_वाचनालय, तू जे वर्णन केलंयस त्यावरून मी व्हायव्हॅक्सच लिहीन. का ते सविस्तर सांगते, कारण टॉप_शंभरने दिलेली यादी चुकीची नाही, ती वापरायचा क्रम उलटा झालाय.

पातळ स्मिअरमध्ये मी आधी परजीवी बघतच नाही. ज्या पेशीत तो बसलाय ती पेशी बघते आणि शेजारच्या रिकाम्या पेशींशी तिची तुलना करते. व्हायव्हॅक्स कोवळ्या लाल पेशीत, म्हणजे रेटिक्युलोसाइटमध्ये शिरतो. ती मुळातच जरा मोठी असते, आणि परजीवी वाढतो तशी आणखी फुगते. फाल्सिपेरम लहानथोर कुठल्याही वयाच्या पेशीत शिरतो आणि पेशीचा आकार बदलत नाही. तुझ्या चित्रातली दोन रिंगांची पेशीच मोठी झालेली आहे. इथेच फाल्सिपेरमचं पारडं हलकं होतं.

दुसरं, ते गुलाबी ठिपके. शुफनरचे ठिपके असे मोठ्या पेशीत सगळीकडे सारखे पसरलेले असतात. फाल्सिपेरममध्ये कधी मौररचे डाग दिसतात, पण ते मोजके, जाडसर आणि ओबडधोबड असतात.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो: कोपऱ्यातला तो वेडावाकडा, रंगकण असलेला परजीवी. ती वाढलेली ट्रोफोझॉइट अवस्था आहे. फाल्सिपेरमच्या पेशी या टप्प्याला पोचल्या की शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात, फिरत्या रक्तात येत नाहीत. म्हणून फाल्सिपेरमच्या स्लाइडवर साधारणपणे फक्त बारीक रिंगा आणि चंद्रकोरी सापडतात. मधल्या अवस्था दिसल्याच तर रुग्ण फार गंभीर असतो. व्हायव्हॅक्समध्ये मात्र सगळ्या अवस्था एकाच स्लाइडवर मिळतात.

आणि दोन रिंगा? व्हायव्हॅक्समध्येही एका पेशीत दोन रिंगा अधूनमधून दिसतात. फाल्सिपेरममध्ये जास्त दिसतात, एवढाच फरक. ती खूण एकटीने निकाल देत नाही.

टॉप_शंभर
मॅडम, मान्य, पण परीक्षेत चित्र बोटभर असतं. पेशी फुगली की नाही हे मोजणार कसं? रिंगा निदान मोजता तरी येतात.

परळची_मायक्रो
मोजायचं नाही, ताडून बघायचं. त्याच चित्रात रिकाम्या पेशी असतातच. परजीवी असलेली पेशी त्यांच्यापेक्षा ठळकपणे मोठी वाटते का, एवढंच विचारायचं. मग रिंग पेशीचा किती भाग व्यापते ते बघ. फाल्सिपेरमची रिंग नाजूक असते, पेशीच्या व्यासाच्या साधारण सहाव्या भागाएवढी. व्हायव्हॅक्सची जाड असते, तिसऱ्या भागाएवढी.

एक मर्यादा मात्र सांगते. अगदी सुरुवातीची व्हायव्हॅक्सची रिंग असेल तर पेशी अजून फुगलेली नसते आणि ठिपकेही उमटलेले नसतात. अशी एकटी रिंग बघून मीसुद्धा छातीठोकपणे जात सांगत नाही. पुढची फील्ड बघते, दुसरी अवस्था शोधते. परीक्षेत पुढची फील्ड नसते, म्हणून चांगला प्रश्नकर्ता अशी एकटी रिंग देतच नाही. तुझ्या प्रश्नात कोपऱ्यात वाढलेली अवस्था आहे, म्हणजे उत्तर चित्रात ठेवलेलं आहे.

गिरगावकर_काका
मी डॉक्टर नाही, पण माझंच सांगतो. गणपतीच्या आधी मला ताप आला. पहिल्या दिवशी बरा, दुसऱ्या दिवशी हुडहुडी, असं चाललं होतं. एका ठिकाणी कार्ड टेस्ट निगेटिव्ह म्हणाले. दोन दिवसांनी दुसरीकडे रक्त दिलं, रिपोर्टवर लिहिलं होतं, ‘व्हायव्हॅक्स, रिंग आणि ट्रोफोझॉइट’. तीन दिवस क्लोरोक्विन झालं, ताप गेला. मग चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. ताप गेल्यावर मी त्या पाच दिवसांनी सोडल्या. दिवाळीनंतर पुन्हा तोच ताप! डास पुन्हा चावला म्हणायचं का?

स्लाइड_मास्तर
काका, नवा डासही चावलेला असू शकतो, नाही म्हणता येत नाही. पण जास्त करून आत लपलेलाच परत उठतो. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात. क्लोरोक्विन रक्तातले मारतं, यकृतातल्या झोपलेल्यांना हात लावत नाही. त्यांच्यासाठी ती चौदा दिवसांची प्रिमाक्विन. ती पुरी करायलाच हवी.

मी निवृत्त लॅब टेक्निशियन. उभी हयात स्लाइडी ओढण्यात आणि रंगवण्यात गेली.

परळची_मायक्रो
मास्तरांनी बरोबर सांगितलं. काका, पुन्हा घेण्याआधी डॉक्टरांना जी६पीडीची तपासणी विचारा. ते एन्झाइम कमी असलेल्यांच्या लाल पेशी प्रिमाक्विनने फुटू शकतात. आणि पहिल्या खेपेला पाच दिवस घेतल्यावर लघवी काळपट झाली होती का, डोळे पिवळे झाले होते का, हे डॉक्टरांना जरूर सांगा.

मुलांनो, काकांच्या गोष्टीत परीक्षेचा प्रश्न दडलाय. हल्ली चित्राखाली नुसतं ‘ओळखा’ असं क्वचितच येतं. ‘चित्रातल्या रुग्णाला पुन्हा ताप येऊ नये म्हणून काय द्याल’ असं येतं. म्हणजे आधी व्हायव्हॅक्स ओळखायचा, मग यकृतात झोपलेला हिप्नोझॉइट आठवायचा, मग प्रिमाक्विन ०.२५ मिलिग्रॅम दर किलोला, १४ दिवस. चंद्रकोर दाखवून तोच प्रश्न आला तर प्रिमाक्विनचा हेतूच वेगळा असतो. तिथे चंद्रकोरी, म्हणजे फाल्सिपेरमच्या गॅमेटोसाइट, मारून डासाकडे होणारा प्रसार थांबवायचा असतो, म्हणून ०.७५ मिलिग्रॅम दर किलोला, एकच डोस. औषध तेच, पण चित्र चुकलं की मात्राही चुकते.

वडाळा_इंटर्न
ताई, मला एक शंका आहे. वर डावीकडच्या बारीक रिंगेबद्दल कोणीच बोललं नाही. नेहमीच्या आकाराची पेशी, कडेला चिकटलेली नाजूक रिंग. ती फाल्सिपेरमची कडेची रिंग नाही का? मग हा मिश्र संसर्ग झाला. आमच्या वॉर्डात असे रुग्ण येतात.

टॉप_शंभर
बघा! म्हणजे फाल्सिपेरम आहेच.

शीव_वाचनालय
पण पर्यायांत ‘दोन्ही’ नाही. आणि चंद्रकोर कुठेच नाही. चंद्रकोर नसेल तर फाल्सिपेरम नाही म्हणता येईल ना?

परळची_मायक्रो
नाही, तसं अजिबात म्हणता येणार नाही. चंद्रकोर दिसली तर फाल्सिपेरम पक्का, हे एका दिशेने खरं आहे. उलट दिशेने नाही. फाल्सिपेरमची गॅमेटोसाइट तयार व्हायला वेळ लागतो, ताप सुरू झाल्यावर साधारण आठवडा-दहा दिवसांनी त्या रक्तात दिसायला लागतात. आपल्याकडे रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच येतो, तेव्हा फक्त रिंगाच असतात.

मिश्र संसर्गाचा मुद्दा रास्त आहे. वॉर्डात मला ती रिंग दिसली तर मी अजून फील्ड बघेन, आणि खरंच दोन्ही असतील तर उपचार दोघांचे मिळून होतील: फाल्सिपेरमसाठी आर्टेमिसिनिनची संयुक्त गोळी तीन दिवस, आणि व्हायव्हॅक्ससाठी प्रिमाक्विन पुरे १४ दिवस. पण एका रिंगेवर मी तसा रिपोर्ट देणार नाही. ती नुकती शिरलेली व्हायव्हॅक्सची रिंगही असू शकते. वर्णनावरून मला ठरवता येत नाही.

स्लाइड_मास्तर
ती रिंगच आहे कशावरून? लाल पेशीवर प्लेटलेट बसली की नवशिक्याला हमखास रिंग वाटते. मी मुलांना शिकवायचो: आधी त्याच फील्डमधली मोकळी प्लेटलेट शोधा आणि तिच्याशी ताडून बघा. रंग तोच, पोत तोच, तर ती प्लेटलेट. पेशीवर बसलेल्या प्लेटलेटभोवती बऱ्याचदा फिकट कडं असतं, आणि मायक्रोस्कोपची बारीक चकती थोडी फिरवली की ती पेशीच्या वर तरंगताना दिसते. खऱ्या रिंगेत निळी वर्तुळाकार रेघ आणि तिच्यावर वेगळा लाल ठिपका, असे दोन रंग स्पष्ट असतात, मधे पोकळी असते.

फोटोत चकती फिरवता येत नाही, पण रंग तर दिसतात. शीव_वाचनालय, त्या रिंगेला निळी रेघ आहे का?

शीव_वाचनालय
निळी रेघ आहे असं वाटतंय, पण झूम केलं की चौकोन चौकोन दिसतात. लाल ठिपका निश्चित आहे. मोकळ्या प्लेटलेट चित्रात दिसतच नाहीत.

स्लाइड_मास्तर
मग राहू दे. पण चित्रांच्या बाबतीत अजून दोन गोष्टी ध्यानात ठेवा, कारण सराव संचांत कुठूनकुठून आणलेले फोटो असतात.

एक, रंगाचा पीएच. मलेरियासाठी आम्ही बफर ७.२ ठेवायचो. नेहमीच्या रक्ततपासणीसाठी ६.८ वापरतात, त्यात शुफनरचे ठिपके नीट उठत नाहीत. लाल पेशी गुलाबी-केशरी आणि स्लाइड झकास दिसते, ठिपके मात्र गायब! म्हणून ठिपके दिसले तर व्हायव्हॅक्सच्या बाजूने धरा, नाही दिसले म्हणून व्हायव्हॅक्स खोडू नका.

दुसरं, ईडीटीएच्या बाटलीत तासन् तास पडून राहिलेलं रक्त. परजीवी आक्रसतात, त्यांचे आकार बिघडतात, चंद्रकोरसुद्धा गोल व्हायला लागते. आम्ही बोटातून थेट स्लाइड घ्यायचो ती याचसाठी.

आणि हो, स्मिअरच्या अगदी शेवटच्या टोकाला सगळ्याच पेशी पसरून चपट्या, मोठ्या दिसतात. वाचायची जागा त्याच्या थोडी आत, जिथे पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात. सगळ्याच पेशी मोठ्या दिसत असतील तर ‘पेशी फुगली’ हा मुद्दा बाद.

टॉप_शंभर
हे कुठल्याच नोट्समध्ये नाही. मास्तर, मग जाड स्मिअरचा फोटो आला तर? तिथे पेशी दिसतच नाहीत.

स्लाइड_मास्तर
बरोबर. जाड थेंब रंगवताना लाल पेशी फोडूनच टाकतो, जास्त रक्त एका नजरेत बघता यावं म्हणून. मेथॅनॉलने पक्की करतो ती पातळ स्लाइड. जाड स्लाइडमध्ये पेशीचा आकार विचारणं व्यर्थ. तिथे पांढऱ्या पेशींच्या मधे विखुरलेले परजीवी बघायचे. एकाच प्रकारच्या असंख्य बारीक रिंगा, बाकी काही नाही, तर फाल्सिपेरमचा संशय. लहान-मोठ्या, वेड्यावाकड्या सगळ्या अवस्था मिसळलेल्या, तर व्हायव्हॅक्सकडे कल. जात नक्की करायला पातळ स्लाइडकडेच यावं लागतं.

आर्याची_आई
मधेच विचारते. आमच्या इमारतीतल्या एकाला बरा झाल्यावर दोन आठवड्यांनीही कार्ड पॉझिटिव्ह आलं, सगळे घाबरले. औषध लागू पडलं नाही असं समजायचं का?

परळची_मायक्रो
फाल्सिपेरमचं कार्ड होतं का ते विचारा. त्या कार्डातलं एचआरपी२ हे प्रथिन परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात रेंगाळतं. ताप नसेल आणि स्मिअर निगेटिव्ह असेल तर नुसत्या कार्डावरून औषध फसलं असं म्हणत नाहीत. पुन्हा ताप आला तर मात्र लगेच स्मिअर करून घ्या. आणि इमारतीत दोघांना झालाय तर गच्चीवरच्या टाकीचं झाकण घट्ट बसतंय का ते बघा. मुंबईत मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफेलिस स्टिफेन्साय अशा स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत आणि विहिरींत वाढतो, गटारात नाही.

आर्याची_आई
झाकण आहे, पण एका बाजूने उचललेलंच असतं. सेक्रेटरींना आजच सांगते.

गिरगावकर_काका
टाकी तपासायला महापालिकेचा माणूस आला की आमच्याकडे गच्चीची किल्ली कधीच सापडत नाही. गणपतीच्या मीटिंगची किल्ली मात्र सगळ्यांकडे असते!

वडाळा_इंटर्न
मूळ प्रश्नाकडे येऊ. ताई, बबेसिया आणि मलेरिए हे पर्याय कसे खोडायचे? मला बबेसियाची भीती वाटते, रिंगा तर तिथेही असतात.

परळची_मायक्रो
या चित्रात बबेसिया एका गोष्टीवर बाद होतो: पिवळट तपकिरी कण. मलेरियाचा परजीवी हिमोग्लोबिन पचवतो, त्याचा उरलेला चोथा म्हणजे तो रंगकण. बबेसियात तो होत नाही. चार परजीवी एकत्र येऊन क्रॉस झाला असेल तर बबेसियाच, पण तो क्रॉस दर वेळी सापडत नाही, म्हणून रंगकण बघायची सवय लाव.

मलेरिएमध्ये पेशी मोठी होत नाही, उलट कधी लहानच वाटते, आणि परजीवी पेशीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पट्ट्यासारखा आडवा पडतो. या चित्रातली पेशी फुगलेली आहे, परजीवी पसरट आहे. तोही बाद.

टॉप_शंभर
ठीक, या चित्रात व्हायव्हॅक्स मानतो. पण माझं म्हणणं पूर्ण सोडत नाही. समजा मोठी पेशी नाही, ठिपके नाहीत, वाढलेली अवस्था नाही, फक्त नेहमीच्या पेशींत भरपूर बारीक रिंगा आणि त्यातल्या दोन-तीन पेशींत दोन-दोन रिंगा, तर मी डोळे मिटून फाल्सिपेरम लावणार.

परळची_मायक्रो
तिथे डोळे उघडे ठेवूनही फाल्सिपेरमच लागेल. भरपूर पेशी बाधित असणं हीसुद्धा त्याच्या बाजूची खूण आहे. व्हायव्हॅक्सला कोवळ्या पेशीच लागतात आणि त्या रक्तात थोड्याच असतात, म्हणून त्याची संख्या सहसा कमी राहते.

शीव_वाचनालय
मी त्या संचवाल्यांना लिहिलं होतं, वरची कारणं घालून. उत्तर आलं: ‘तज्ज्ञांनी पाहिले आहे, उत्तर कायम आहे. वरच्या डाव्या कोपऱ्यातील रिंग फाल्सिपेरमची आहे.’ म्हणजे आता दोन रिंगांचा मुद्दा सोडून त्या कोपऱ्यातल्या रिंगेवर आले.

वडाळा_इंटर्न
मग मधल्या फुगलेल्या पेशीचं काय? त्याबद्दल काही लिहिलं नाही?

शीव_वाचनालय
नाही. मूळ फोटो मोठ्या आकारात मागितलाय. मिळाला तर त्या रिंगेचं वर्णन इथे लिहिते.

स्लाइड_मास्तर
मोठा फोटो आला तर आधी मोकळी प्लेटलेट शोध. मग ती रिंग पेशीच्या आत आहे की कडेवरून बाहेर डोकावतेय ते सांग. निळी रेघ अखंड आहे की तुटक, तेही लिही.